डेबिट कार्डावर दोन टक्के लावायला सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

"कार्ड स्वाइप केलं की बँक दुकानदाराचे दोन टक्के कापते आणि त्यातूनच ग्राहकाला पॉइंट वाटते. ही लूट आहे. खर्च दोघांत निम्मा-निम्मा वाटला पाहिजे. यूपीआय फुकट चालतं, म्हणजे खर्च मुळात नाहीच. व्यापारी बंधूंनो, कार्ड दिसलं की दोन टक्के वर लावा!"

माझ्या मामेभावाचं भांडी आणि मिक्सरचं दुकान आहे. हे वाचून त्याने सगळ्याच कार्डांवर दोन टक्के लावायला सुरुवात केली, म्हणून आधी शेवटचा मुद्दा घेतो. नुकसान त्याच मुद्द्याने होतंय.

डेबिट कार्डाला दोन टक्के पडतच नाहीत. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्याहून जास्त असेल तर ०.९० टक्के. रुपे डेबिट कार्डावर तर जानेवारी २०२० पासून शून्य. म्हणजे ६,००० रुपयांच्या मिक्सरवर माझ्या भावाला फार तर ५४ रुपये पडतात, जीएसटी धरून ६४. तो गिऱ्हाइकाकडून १२० घेतो. रुपे कार्ड असेल तर १२० चे १२० त्याच्याच खिशात. शिवाय डेबिट कार्डावरचा हा आकार गिऱ्हाइकावर टाकायलाच मनाई आहे. लूट म्हणायचीच असेल तर इथे आहे, आणि ती आपला माणूस करतोय याचा मला राग येतो.

आता निम्म्या-निम्म्या वाटणीचं. ऐकायला न्यायाचं वाटतं, पण अशा वाटणीने कार्ड जन्मालाच आलं नसतं. कार्ड खिशात ठेवायचं ते दुकानं घेतात म्हणून, आणि दुकानाने मशीन ठेवायचं ते लोकांकडे कार्डं आहेत म्हणून. आधी कोण? बँक ऑफ अमेरिकाने सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात यावर तोडगा काढला. सुमारे ६०,००० कार्डं कुणी न मागता टपालाने घरोघरी पाठवून दिली. फ्रेस्नोच का? कारण तिथल्या जवळपास निम्म्या कुटुंबांचा या बँकेशी आधीच व्यवहार होता. पहिल्याच दिवसापासून गिऱ्हाईक तयार म्हटल्यावर तीनशेच्या वर दुकानं आली, आणि आकार दुकानदारांकडूनच घेतला, सहा टक्क्यांपर्यंत. सीअर्स या बड्या दुकानसाखळीने नकार दिला, कारण त्यांची स्वतःची उधारीची व्यवस्था होती. लहान दुकानदार मात्र आनंदाने आले. उधारीची वही सांभाळणं आणि वसुलीला फिरणं सुटलं, त्याची किंमत त्यांना सहा टक्क्यांपेक्षा जास्त वाटली. (न मागता कार्ड पाठवण्याचे तोटेही झाले. फसवणूक आणि थकबाकी इतकी वाढली की १९७० मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली.)

गिऱ्हाइकाकडे रोख रकमेचा पर्याय कायम असतो. त्याच्यावर थोडा भार टाकला तरी तो कार्ड काढत नाही, आणि तो गेला की दुकानदाराला मशीनचा उपयोग उरत नाही. दुकानदाराला मात्र एक जादा विक्री मिळाली तर नफ्यातून आकार निघतो. म्हणून जी बाजू चटकन निघून जाईल आणि जिच्यामुळे दुसरी बाजू येते, तिला स्वस्त ठेवतात. ज्याँ तिरोल आणि ज्याँ-शार्ल रोशे यांनी २००३ च्या निबंधात हेच मांडलं: अशा बाजारात एकूण आकार किती, एवढाच प्रश्न नसतो, तो दोन बाजूंत कसा वाटला यावरही एकूण व्यवहार किती होतील हे ठरतं. तिरोल यांना २०१४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

यूपीआयचा मुद्दा थोडक्यात संपतो. तिथेही खर्च आहे. २०२४-२५ साठी लहान दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहन द्यायला केंद्राने १,५०० कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे तुमच्या-माझ्या करातून.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कार्ड सगळ्यांच्या हाती पोचल्यावर दुकानदाराला नाही म्हणणं जड जातं, आणि मग आकार खर्चाच्या वर चढू शकतो. तो भाव वाढवून वसूल झाला, तर रोखीने घेणारी बाई दुसऱ्याच्या पॉइंटचे पैसे भरते. ही तक्रार खरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये याच कारणाने क्रेडिट कार्डावर दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाणारी रक्कम सुमारे ०.९५ वरून ०.५५ टक्क्यांवर आणली. दुकानदारांचा खर्च उतरला, पण कार्डांची वार्षिक फी वाढली आणि पॉइंट आटले. दुकानदारांना वेगळा आकार लावायची मुभाही मिळाली होती. काहींनी खर्चापेक्षा जास्त लावला, आणि शेवटी त्यावरही मर्यादा घालावी लागली.

भावाला मी एवढंच सांगितलंय: मशीन देणाऱ्या बँकेकडून महिन्याचा तपशील माग, त्यात रुपे डेबिट, इतर डेबिट आणि क्रेडिट वेगवेगळे दाखवायला सांग. सगळ्यांवर एकच दर कापला असेल, तर भांडण बँकेशी कर.