फ्लोरिडाचं समन्स आणि पुण्यातला स्टे

«परदेशात जोडीदाराने घटस्फोटाची केस टाकली तर घाबरू नका. लगेच इथल्या फॅमिली कोर्टात केस टाका, आधी दाखल झालेलीच चालते. इथून स्टे आणला की तिथलं कोर्ट थांबतं. समन्सला उत्तरच देऊ नका, एकतर्फी निकाल भारतात चालत नाही.»

असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो धोक्याचा आहे. आधी कोण? आधी दाखल झालेली केस चालते, हा नियम युरोपीय संघाचा आहे. तिथे दोन सदस्य देशांत एकच वाद गेला तर नंतरचं कोर्ट थांबतं. भारत आणि अमेरिका यांच्यात असा करार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 10 ने नंतरचा दावा थांबतो तो भारतातल्या दोन कोर्टांपुरता. परदेशात दावा चालू असला तरी भारतीय कोर्टाला त्याच कारणावरचा दावा चालवता येतो, असं त्याच कलमाखालचं स्पष्टीकरण सांगतं. म्हणजे दोन्ही केसेस एकाच वेळी पुढे सरकू शकतात. फ्लोरिडाचा न्यायाधीश पुण्यातली केस पाहून आपलं काम थांबवू शकतो, पण ते त्याच्या मर्जीवर असतं आणि तशी मागणी तिथे जाऊनच करावी लागते.

स्टे कुणावर? परदेशी कोर्टाला भारतीय कोर्ट आदेश देऊच शकत नाही. दावा-मनाई, म्हणजे अँटी-सूट इंजंक्शन, ही माणसावर असते: तू तिकडची केस चालवू नकोस. मोडली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 नियम 2-अ खाली मालमत्तेवर जप्ती किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. आता समोरचा माणूस फ्लोरिडातल्या टॅम्पात राहतो, इथे त्याचा फ्लॅट नाही, खातं नाही, येण्याचा विचारही नाही, तर जप्ती कशावर आणणार? अर्ज करण्याआधी हे पाहावं.

आणि मनाई सहज मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या क्रिकेट प्रक्षेपणाच्या वादात (मोदी एंटरटेनमेंट विरुद्ध डब्ल्यूएसजी क्रिकेट), कसोट्या घालून दिल्या: ज्याला रोखायचं तो आपल्या कोर्टाच्या अधिकारात हवा, मनाई नाकारली तर अन्याय होईल असं दिसायला हवं, आणि परदेशी कोर्टाचा मान राखायला हवा. त्या खटल्यात मनाई टिकली नाही.

2018 चा निकाल तर थेट घटस्फोटाचाच आहे. नवऱ्याने आधी गुरुग्रामला हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज केला, नंतर बायकोने फ्लोरिडात पिनेलस काउंटीत केस टाकली. कुटुंब न्यायालयाने आधी एकतर्फी मनाई दिली आणि मग स्वतःच उठवली. सर्वोच्च न्यायालयातही नवरा हरला. तिथली केस छळाची किंवा त्रास देण्यासाठी टाकलेली आहे हे त्याला दाखवता आलं नाही, आणि अधिकाराबद्दलची हरकत तो तिथेच घेऊ शकत होता. नवऱ्याची केस आधीची होती, तरी तेवढ्याने भागलं नाही.

उत्तर न देणं. सगळ्यांत महागात पडतो तो हा सल्ला, कारण त्यात अर्धं खरं आहे. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतल्या मिसुरीचा घटस्फोट मानला नाही. तिरुपतीत लग्न झालेल्या नवऱ्याने मिसुरीत 90 दिवस राहिल्याचं सांगून तो मिळवला होता, आणि बायको त्या कोर्टाला शरण गेली नव्हती, म्हणजे त्याचा अधिकार तिने मान्य केला नव्हता. पण एकतर्फी म्हणजे आपोआप निरर्थक, असं नाही. पुरावा तपासून गुणदोषांवर दिलेला एकतर्फी निकाल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 खाली टिकू शकतो. शिवाय तो भारतात टिको न टिको, फ्लोरिडातल्या घरावर आणि बँक खात्यावर तो लागू होऊ शकतो.

मग करायचं काय? फ्लोरिडात समन्स बजावल्यापासून 20 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वैयक्तिक अधिकारक्षेत्राची हरकत, म्हणजे या कोर्टाचा माझ्यावर अधिकारच नाही ही हरकत, पहिल्याच अर्जात किंवा उत्तरात घ्यायची. आधी गुणदोषांवर उत्तर दिलं आणि हरकत नंतर आठवली, तर ती गेली. वर भारतातही 'स्वतःहून शरण गेला' असं म्हणता येतं.

या हरकतीची मर्यादाही ओळखून असावं. अर्जदार फ्लोरिडात सहा महिने राहत असेल, तर जोडीदारावर अधिकार नसतानाही कोर्ट लग्न मोडू शकतं. पोटगी आणि पैशांचे आदेश मात्र जोडीदारावर अधिकार असल्याशिवाय देता येत नाहीत. दोघांनी तिथे संसार केला असेल तर तो अधिकार सापडू शकतो. मुलांचा ताबा वेगळ्या कसोटीवर ठरतो: मूल केस दाखल होण्याआधी सलग सहा महिने कुठे राहत होतं, हे आधी पाहिलं जातं.

तिथला निकाल हातात आला म्हणून लगेच इथे दुसरं लग्न करायला निघालेल्यांसाठी एक गोष्ट. 1991 चा तो खटला मुळात द्विविवाहाच्या फौजदारी तक्रारीतून वर गेला होता. निकाल भारतात मान्य आहे का, हे लग्न ठरवण्याआधी वकिलाकडून तपासून घ्यावं.