तारखेतला डबा फेकला, तारीख गेलेला ठेवला

भाचा कोथरूडला आमच्याकडेच राहतो, जिम लावलीय, त्यामुळे ओट्यावर व्हे प्रोटीनचे दोन डबे. परवा त्याने एक सीलबंद डबा कचऱ्यात टाकला, का तर बेस्ट बिफोर दोन महिन्यांपूर्वी संपली. आणि दुसरा, जूनमध्ये उघडलेला, अख्खा पावसाळा सिंकशेजारी काढलेला, तो मात्र खुशाल पितोय. 'मावशी, याला अजून पाच महिने आहेत!' मी म्हटलं अरे उलटं करतोयस.

ती तारीख बंद डब्याची असते, तीही थंड कोरड्या जागी ठेवलेल्या. कोरड्या पावडरमध्ये पाणीच इतकं कमी असतं की जंतू वाढत नाहीत (सगळे मरतातच असं नाही हं, म्हणून शेक एकदा कालवला की तो दुधासारखाच नाशवंत, तासन् तास बॅगेत ठेवून प्यायचा नाही). तारखेनंतर हळूहळू बिघडते ती चव. थोडं फॅट असतं ते खवट होतं, पुठ्ठ्यासारखा वास येतो. दुधातली साखर आणि प्रोटीन एकमेकांना धरतात, पावडर पिवळट तपकिरी होते आणि त्यात लायसिन नावाचा कामाचा भाग शरीराला कमी मिळतो. म्हणजे लेबलवर २४ ग्रॅमच लिहिलेले, पण त्यातलं सगळं कामाचं नाही. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवलं की हे सगळं फार लवकर होतं.

खरी भीती ओलाव्याची. साहेब धुतलेला स्कूप तसाच ओला डब्यात टाकायचे, शिवाय मध्येच कोणीतरी शहाणपणा करून डबा फ्रीजमध्ये ठेवला, बाहेर काढून गार असतानाच उघडला की आत दमट हवेचं पाणी धरतं. मी डबा पालथा केला तर तळाशी खडे. साधे खडे बोटाने दाबले की भुगा होतात, हे चिकट, ओलसर, आणि कडेला करडा ठिपका. बुरशी! वरवरचं काढून उरलेलं वापरायचं नाही, कारण ती दिसते त्याच्या बरीच पुढे गेलेली असते. अख्खा डबा गेला, भाच्याचा चेहरा बघण्यासारखा.

मग कचऱ्यातला डबा काढला, पुसला, सील शाबूत होतं, कुठे फुगलेलं नाही. रंग पांढरट, वास नीट, पाण्यात कालवून चाखलं, जरा फिकं इतकंच. तो संपवायचा ठरला. मात्र एक्सपायरी किंवा यूज बाय लिहिलेलं असेल तर मी असला हट्ट करत नाही, तसा माल विकणंही बेकायदा आहे. आणि गरोदर बाई, लहान पोरं, आजारी माणूस यांना तर तारीख गेलेलं काहीच नको.

त्याच्या बॅगेत तारीख गेलेला एनर्जी बारही सापडला, बदाम-शेंगदाण्याचा. दगड झालेला, तेवढं चाललं असतं, पण जुन्या तेलासारखा खवट वास, सरळ फेकला.

आता स्कूप खिडकीत वाळत घातलाय.