पॅकेजचे पैसे परत मिळू नयेत म्हणून काय करावे

लेझरने नको असलेले केस काढायचे ठरवलंच असेल, तर पैसे आजच भरून मोकळे व्हा. उद्यावर ढकलू नका, उद्या डोकं ताळ्यावर येतं. क्लिनिकमध्ये डॉक्टर पाच मिनिटं भेटतील आणि काउन्सेलर पाऊण तास. यात काही चुकतंय असं वाटून घेऊ नका. डॉक्टर त्वचा तपासतात आणि काउन्सेलर पाकीट. दुसऱ्या तपासणीला वेळ लागतोच.

मग तुमच्यासमोर रेट कार्ड येईल. एका सेशनचे 12,000. आठांचे 96,000, पण आज 'क्लोज' केलंत तर 48,000, शिवाय दोन फेशियल फुकट. त्या 12,000 कडे निरखून बघा. तो आकडा तुम्हाला सवलत मोठी वाटावी म्हणून छापलाय असा तुमचा समज होईल. तेवढंच नाही. त्याचं खरं काम तुम्ही उपचार सोडाल त्या दिवशी सुरू होतं. तोवर तो कार्डावर गुपचूप पडून असतो.

आठ सेशन का, असं विचारण्याच्या भानगडीत पडू नका. उत्तर खरं तर सरळ आहे: सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत, आणि लेझर लागू पडतो तो वाढीच्या टप्प्यातल्या केसांवर, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा यावं लागतं. सहा आठवड्यांचं अंतर धरलं तर आठ सेशनना 42 आठवडे लागतात. पॅकेजची मुदत एक वर्ष. म्हणजे एखादं आजारपण, गावाकडचं एखादं लग्न आणि मशीन दोनदा 'सर्व्हिसिंगला' गेलं की वर्ष संपलं. हा हिशेब काउन्सेलरला पाठ असतो. तुम्ही तो करू नका.

पैसे एकदम नसतील तर 'झीरो कॉस्ट ईएमआय' घ्याच. फोनवर ओटीपी येईल, तो सांगून टाका. हप्ते आपण क्लिनिकला देतोय, सोडलं की थांबवू, हा गोड गैरसमज जपून ठेवा. प्रत्यक्षात तुमच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघालेलं असतं, आणि क्लिनिकला त्याची रक्कम सुरुवातीलाच मिळालेली असते. उपचार थांबले तरी हप्ता दर महिन्याला खात्यातून कापला जातो. रागाने ऑटो-डेबिट बंद केलंत तर क्लिनिकला काडीचा फरक पडत नाही, सिबिल स्कोअर मात्र तुमचाच घसरतो. म्हणून रागाच्या भरात पहिलं काम तेच करा.

रिसेप्शनवर सेशन कार्ड असतं: तारीख, कुठला भाग, तुमची सही. रिसेप्शनिस्ट म्हणेल, 'मॅडम, आठही रकान्यांत आत्ताच सही करून ठेवा, दर वेळी त्रास नको.' करून टाका. कार्डाचा फोटो काढू नका. किती सेशन झाले हे फक्त त्यांनाच माहीत असावं, यातच विश्वासाचं नातं असतं.

आता आमच्या पार्ल्याच्या मावसबहिणीचं उदाहरण घ्या. तिने वरच्या सगळ्या सूचना पाळल्या, फक्त सह्यांची सोडून. (तिच्या बाबांनी बँकेत नोकरी केली. कोऱ्या रकान्यात सही करायची नाही हे घरातलं बाळकडू.) तीन सेशन झाले आणि चौथ्याच्या आधी तिला दिवस राहिले. गरोदरपणात सहसा लेझर करत नाहीत, आणि क्लिनिकच्याच डॉक्टरांनी कार्डावर तसं लिहून दिलं. काउन्सेलरने अभिनंदन केलं आणि पॅकेज तीन महिने 'फ्रीझ' करून द्यायची तयारी दाखवली. बाळाने तीन महिन्यांत आटोपावं अशी त्यांची अपेक्षा असावी.

बहीण म्हणाली, पाच सेशनचे पैसे परत द्या. मग हिशेब आला, आणि तो प्रत्येकाने एकदा तरी बघावा. तीन सेशन झाले, पण पॅकेज मोडल्यामुळे सवलत रद्द, म्हणून प्रत्येकी 12,000 प्रमाणे 36,000. फुकटातलं एक फेशियल वापरलं होतं, त्याचे 2,500. कॅन्सलेशन चार्ज पॅकेजच्या वीस टक्के, 9,600. एकूण 48,100.

'तुमच्याकडूनच शंभर रुपये निघतात, मॅडम. पण ते आम्ही सोडतो.'

अशा वेळी तुम्ही काय करावं? फोन करावा. रोज करावा. 'सर मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकावं, 'मॅनेजमेंटला कळवलंय' हे ऐकावं आणि काहीही लिहून पाठवू नये. शनिवारी क्लिनिकमध्ये जाऊन भांडावं, चार लोक जमवावेत, दमून लोकल पकडून घरी यावं. असं करत दोन वर्षं घालवलीत तर फारच उत्तम, कारण ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत साधारण तेवढीच असते.

बहिणीला एवढा धीर नव्हता. तिने रात्री जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एक ईमेल लिहिली. त्यात राग नव्हता, फक्त भागाकार होता: 48,000 भागिले आठ, म्हणजे सेशनला 6,000. झालेले तीन, 18,000. उरलेले पाच, 30,000. तुम्ही मला 12,000 ने काहीच विकलं नव्हतं, पावतीवर तो दर कुठेही नाही. फेशियल पावतीवर 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलंय. उपचार तुमच्याच डॉक्टरांनी थांबवला आहे. सोबत पावती, कार्डाचा फोटो आणि डॉक्टरांची ओळ.

फॉर्मवर 'नॉन-रिफंडेबल' छापलंय, असं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिने उलट लिहिलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकावर अवाजवी दंड लादणाऱ्या अटींना अनुचित करार म्हटलंय, तेव्हा छापलं म्हणजे झालं असं नाही. पंधरा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवते, आणि तिथे नाही जमलं तर आयोगात जाते. क्लिनिक कुठेही असलं तरी तक्रार मी राहते तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

तिने ईमेलची एक प्रत फायनान्स कंपनीलाही पाठवली. हप्ते मात्र चालू ठेवले. इथे मला तिचा जरा रागच आला. इतका थंडपणा आपल्या घराण्यात कुठून आला?

हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर काउन्सेलरऐवजी मॅनेजरचा फोन आला. आधी 30,000 ची 'क्रेडिट नोट', बाळ झाल्यावर वापरा. नको. मग 15,000 रोख, आज येऊन घेऊन जा, फक्त 'फुल अँड फायनल' कागदावर सही करा. तिने सांगितलं, सही करते, पण रक्कम 30,000 लिहा आणि ती मला नको, कर्जखात्यात भरा.

तोवर तिचे 4,000 चे चार हप्ते गेले होते, म्हणजे कर्ज 32,000 उरलेलं. क्लिनिकने 30,000 कंपनीला परत केले आणि वरचे 2,000 तिने स्वतः भरले, कारण झालेल्या तीन सेशनचे 18,000 तिचं देणं होतंच. कर्ज बंद झाल्याचं 'नो ड्यूज' पत्र आल्यावरच तिने त्या कागदावर सही केली.

मॅनेजरने जाता जाता विचारलं, फेशियल एक शिल्लक आहे, त्याचं काय करायचं? ती म्हणाली, ते राहू द्या, त्या शंभर रुपयांत वळतं करून घ्या.