रकाने भरले म्हणून तिकीट रेडी होत नाही

«रिफाइनमेंटचे तीन सुवर्णनियम: १) दर आठवड्याला बॅकलॉग वरपासून खालपर्यंत पूर्ण वाचा, एकही तिकीट सोडू नका. २) डेफिनिशन ऑफ रेडीचे बाराही रकाने भरल्याशिवाय तिकीट स्प्रिंटमध्ये घेऊ नका, स्क्रमचा तसा नियमच आहे. ३) अख्खी टीम बसवू नका, पीओ आणि टेक लीड पुरे.»

हा मेसेज ऐरोली-महापे पट्ट्यातल्या निम्म्या ऑफिस ग्रुपांवर फिरून झाला असावा. स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरचं काम ठरावीक छोट्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, करायची पद्धत. बॅकलॉग ही करायच्या कामांची यादी, तिकीट म्हणजे त्यातलं एक काम, आणि रिफाइनमेंट म्हणजे ती कामं स्प्रिंटआधी बसून स्पष्ट करून घेणं. माझ्या भाचीला तो तिच्या मॅनेजरने पाठवला, वर ‘सोमवारपासून लागू’ असं लिहून. ती नवीनच प्रॉडक्ट ओनर झाली आहे, म्हणजे मेसेजमधली पीओ, कोणतं काम आधी हे ठरवणारी. तिने मला विचारलं, “मामा, हे खरंच नियमात आहे का?”

नाही. स्क्रमचे नियम ज्यात आहेत त्या स्क्रम गाइडची २०२० ची आवृत्ती जेमतेम तेरा-चौदा पानांची आहे, चहा संपायच्या आत चाळून होते. तिच्यात ‘डेफिनिशन ऑफ रेडी’ हा शब्दप्रयोगच नाही. ‘डेफिनिशन ऑफ डन’ आहे, म्हणजे काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं, ते वेगळं. रेडीबद्दल तिथे एवढंच म्हटलं आहे की जे काम टीम एका स्प्रिंटमध्ये डन करू शकते, ते प्लॅनिंगमध्ये निवडायला तयार मानावं. आणि कामाचा आकार ठरवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्या डेव्हलपर्सची. म्हणजे तिसरा सुवर्णनियमही इथेच निकालात निघाला.

पण खरं नुकसान दुसरा नियम करतो. भाचीची टीम गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचं ॲप बनवते. त्यात एक तिकीट होतं, ‘थकबाकीवर व्याज लावणे’. बाराही रकाने भरलेले होते: डिझाइनची लिंक, स्वीकृतीचे निकष, प्राधान्य, सगळं हिरवं. मी विचारलं, सभासदाने अर्धेच पैसे भरले तर? भाची आणि टेक लीड, दोघंही गप्प. समजा १०,००० रुपये थकले, वर्षाला १८ टक्के सरळ व्याजाने दोन महिन्यांचे ३०० झाले आणि सभासदाने ५,००० भरले. पैसे आधी व्याजात वळते केले तर मुद्दल ५,३०० उरतं आणि पुढच्या महिन्याचं व्याज ७९.५० येतं. आधी मुद्दलात वळते केले तर मुद्दल ५,००० राहतं, जुने ३०० वेगळे उभे राहतात आणि नवं व्याज येतं ७५. फरक साडेचार रुपयांचाच. पण चारशे फ्लॅटच्या सोसायटीत बिलं आणि अकाउंटंटची वही जुळेनाशी होते, मग खजिनदारांचे फोन सुरू.

हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नव्हता. टेस्टर बैठकीत असती तर तिने पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता, कारण ‘अर्धे भरले तर’ हेच तिचं काम.

अशा वेळी बैठकीत वाद घालत बसायचं नाही. उत्तर खोलीतल्या कुणाकडेच नसेल तर प्रश्न तिकिटावर लिहायचा, कोण कधीपर्यंत विचारून येणार ते लिहायचं आणि पुढे जायचं. या तिकिटाचे आम्ही दोन भाग केले. पहिल्यात पूर्ण रक्कम भरणारे आणि काहीच न भरणारे. अर्धवट भरणा आला तर तूर्त अकाउंटंट आजवर करतो तशी हाताने नोंद करेल. हा भाग एका स्प्रिंटमध्ये संपतो, म्हणून रेडी. दुसरा भाग उत्तर येईपर्यंत थांबला. बारा रकान्यांच्या हिशेबाने दोन्ही रेडीच होते, हे विशेष.

माझी कसोटी साधी आहे. काम करू शकणाऱ्या एकाने दोन वाक्यांत सांगावं की काय बदलेल, टेस्टरने सांगावं की ती आधी काय तपासेल, आणि कामाच्या आकाराचे टीमने आकड्यांत दिलेले अंदाज फार फाकू नयेत. एक जण २ म्हणतो आणि दुसरा ८, तर त्या दोघांनाच बोलू द्यायचं. २ आणि ३ असेल तर पुढचं तिकीट.

आता अर्धसत्य मान्य करतो, नाइलाजाने. यादी अगदीच निरुपयोगी नाही. बाहेरच्या कंपनीच्या एपीआयचा ॲक्सेस मिळाला का, डिझाइन मंजूर आहे का, अशा दोन-तीन ओळी आठवण म्हणून ठेवा. ॲक्सेसविना घेतलेलं तिकीट स्प्रिंटभर तसंच पडून राहतं. पीओ आणि लीडने आदल्या दिवशी बसून तिकिटं निवडावीत हेही ठीक, पण ती बैठकीची तयारी झाली.

अख्खा बॅकलॉग वाचण्याबद्दल फार लिहीत नाही. येत्या दोन स्प्रिंटमध्ये येऊ शकतील अशी वरची पाच-सहा तिकिटं घ्या. पुन्हा घडवून दाखवता येणारा छोटा बग चर्चेला आणूच नका. तळाच्या तिकिटांवर आज केलेला तपशील ती वर येईपर्यंत शिळा होतो. २०१७ च्या गाइडमध्ये रिफाइनमेंटला सहसा टीमच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ लागत नाही असं होतं. २०२० मध्ये तो आकडा काढला, तरी अंदाजाला पुरतो.

मॅनेजरला दाखवायला पुरावा हवा असेल तर पुढच्या प्लॅनिंगमध्ये कान देऊन बस, असं मी भाचीला सांगितलंय. हिरव्या तिकिटांवर लोक ‘हे नक्की कुणासाठी?’ असं विचारू लागले, किंवा एकच तिकीट तिसऱ्या आठवड्यातही रिफाइनमेंटला आलं, तर ते तिकीट क्रमांकासह लिहून ठेवायचं आणि तेच त्याच्यापुढे ठेवायचं.