युकेचा हेल्थ सरचार्ज आणि तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड

"युकेचा हेल्थ सरचार्ज म्हणजे व्हिसाचा जिझिया. भारतातून प्रायव्हेट इन्शुरन्स काढा, सरचार्ज माफ होतो. न वापरल्यास परत मिळतो. पत्त्याचा पुरावा आणि बीआरपी कार्ड येईपर्यंत जीपीकडे जाऊ नका, हाकलून देतात. आजारी पडलात तर थेट हॉस्पिटल गाठा."

सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायच्या सरचार्जबद्दलचा हा मेसेज माझ्या भाचीने खरा मानला. लेस्टरला येऊन तिला तीन महिने झाले, दम्याचा पुण्याहून आणलेला पंप संपत आला, आणि ही बाई लाइट बिल नावावर कधी होतंय याची वाट बघत बसलेली! शेअर्ड घरात बिल घरमालकाच्या नावावर असतं. ते तिच्या नावावर होणारच नव्हतं.

म्हणून आधी जीपीचं, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरचं. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाचा कागद लागत नाही. एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या स्वतःच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलंय. बीआरपी हे निवासाचं कार्ड तर २०२४ च्या ऑक्टोबरनंतर नवीन निघतच नाही, आता ई-व्हिसा असतो. nhs.uk वर पोस्टकोड टाकायचा, आपला भाग घेणारी सर्जरी, म्हणजे जीपीचा दवाखाना, निवडायची आणि तिथलाच ऑनलाइन फॉर्म भरायचा किंवा जीएमएस-१ हा कागदी फॉर्म काउंटरवर द्यायचा. परदेशातून आल्याची तारीख त्यात विचारतात, ती पासपोर्टवर बघून लिहा.

तरीही रिसेप्शनवर बिल मागतात. भाचीकडेही मागितलं. मी तिला एवढंच म्हणायला सांगितलं, "नकार देत असाल तर कारण लेखी द्या." नाव न घेण्याचं कारण सर्जरीला चौदा दिवसांत लेखी कळवावं लागतं. तिचा फॉर्म त्याच दिवशी घेतला.

'थेट हॉस्पिटल' हा सल्ला तर घातक आहे. दम्याचा मोठा झटका आला, श्वास लागला, तर ९९९ किंवा इमर्जन्सी, त्यात दुमत नाही. पण रोजचा पंप जीपीच लिहून देतो. नाव नसेल तर आधी १११ या एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरला फोन करा.

इन्शुरन्सने सरचार्ज माफ होत नाही, आणि न वापरल्याने परतही मिळत नाही. व्हिसा नाकारला तर मिळतो. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, इतर बहुतेक प्रौढांना १,०३५. भाचीचा व्हिसा सोळा महिन्यांचा, म्हणजे एक वर्ष आणि वरच्या चार महिन्यांचे अर्ध्या वर्षाचे पैसे, ७७६ अधिक ३८८: १,१६४ पौंड, तेही अर्जासोबतच. एवढं भरून जीपी न घेणं मला बघवत नाही.

एक मान्य करते. दात आणि चष्म्याचे पैसे वेगळे पडतात, आणि इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक नगाला ९.९० पौंड. दम्यालाही सूट नाही. दाढ दुखत असेल तर निघायच्या आधी पुण्यातच दाखवून या.