नाव-फोटो जुळले म्हणजे बक्षीस खरे, असे नव्हे

"यूट्यूबवर आपल्या कॉमेंटला 'तुम्ही जिंकलात' असे उत्तर आले, तर नाव आणि फोटो त्याच यूट्यूबरचा आहे का आणि पुढे टिक आहे का, एवढे बघा, असेल तर निर्धास्त राहा. खोट्या लोकांची भाषा चुकांनी भरलेली असते. मोठ्या बक्षिसावर कर आधी भरावाच लागतो, म्हणून थोडे पैसे मागितले तरी बिचकू नका. खाते खोटे निघालेच तर रिपोर्ट करा, विषय संपला." (व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणारा संदेश)

यूट्यूबवर एका नावाचे एकच चॅनेल असावे, असा नियम नाही. तेच नाव कितीही जणांना घेता येते आणि फोटो उतरवून लावायला अर्धा मिनिटही लागत नाही. दुसऱ्या कोणाला घेता येत नाही ते फक्त हँडल, म्हणजे @ या चिन्हापासून सुरू होणारी ओळख. ही सोय २०२२ च्या अखेरीस आली आणि पुढे कॉमेंटवर चॅनेलच्या नावाऐवजी हँडलच दिसू लागले. त्यामुळे पडताळायचे ते हँडल, आणि तेही नजर फिरवून नव्हे, तर अक्षर अन् अक्षर वाचून.

समजा, 'नमुनाकट्टा' नावाचे मोबाइलची परीक्षणे करणारे एक काल्पनिक चॅनेल आहे आणि त्याचे हँडल @namunakatta आहे. तुम्ही त्याच्या व्हिडिओखाली "छान माहिती" असे लिहिता आणि थोड्याच वेळात तोच लोगो लावलेले कोणीतरी उत्तर देते: अभिनंदन, फोन जिंकलात, व्हॉट्सअ‍ॅपवर या. त्याचे हँडल @namunakata असेल, @namuna.katta असेल, नाहीतर @namunakatta-k7x असेल. यातले शेवटचे रूप जरा समजून घेण्यासारखे आहे, कारण ज्याने स्वतः हँडल निवडलेले नसते त्याला यूट्यूब आपणहून असे शेपूट जोडून देते. म्हणजे शेकडो प्रामाणिक प्रेक्षकांच्या हँडललाही ते असते आणि केवळ त्यावरून कोणी लबाड ठरत नाही. मात्र मूळ चॅनेलच्या पानावर एक हँडल आणि उत्तर देणाऱ्याचे दुसरे, असे असेल तर अधिक तपासण्याची गरजच उरत नाही.

याहून सोपी आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण व्हिडिओच्या पानावरच असते. व्हिडिओचा मालक स्वतःच्या व्हिडिओखाली काही लिहितो, तेव्हा त्याचे हँडल वेगळ्या रंगाच्या लांबट गोळीत दिसते. इतरांचे साध्या अक्षरांत दिसते. ती गोळी यूट्यूब स्वतः काढते, त्यामुळे नाव आणि फोटो चोरणाऱ्याला ती चोरता येत नाही. मालकाने एखाद्याला उत्तर दिले असेल, तर उत्तरांच्या आकड्याशेजारी त्याचे छोटे चित्रही येते. एक सावधगिरी मात्र ठेवावी: ही खूण मालकाच्या स्वतःच्या व्हिडिओपुरतीच असते, तोच यूट्यूबर दुसऱ्याच्या व्हिडिओखाली लिहीत असेल, तर ती दिसणार नाही.

टिकेवर विसंबणे याच्या तुलनेत कच्चे आहे. यूट्यूबची टिक मागण्याचा अर्ज एक लाख सदस्य झाल्यावर करता येतो, म्हणजे असंख्य खऱ्या चॅनेलांना ती नसते, आणि नावात टिकेची इमोजी घालून भोळ्या नजरेला फसवणे कठीण नसते. एक्सवर, म्हणजे तेव्हाच्या ट्विटरवर, तर २०२२ च्या नोव्हेंबरात निळी टिक पैसे भरून मिळू लागली, आणि लगेच एली लिली या औषध कंपनीच्या नावाने कोणीतरी टिक घेऊन इन्सुलिन मोफत झाल्याचे जाहीर केले. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. जुने चॅनेल आणि लाखो सदस्य हाही पुरावा पक्का नाही, कारण मूळ चॅनेलच बळकावले जाऊ शकते. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स या मोठ्या चॅनेलचा ताबा चोरांनी मिळवला, त्याला टेस्लाचे नाव दिले आणि त्यावरून आभासी चलनाच्या भूलथापांचे थेट प्रक्षेपण केले. अशा वेळी गोळी, हँडल सारे खरेच दिसू शकते. तिथे निर्णय खात्यावरून नव्हे, मागणीवरून करावा लागतो.

भाषेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हे मजकूर एकदा नीट लिहून हजारो ठिकाणी चिकटवले जातात, म्हणून ते शुद्धही असतात. आणि खरे यूट्यूबर घाईत कसे लिहितात हे आपण पाहतोच.

आता कराचा मुद्दा, कारण फिरणाऱ्या संदेशात अर्धसत्य आहे ते इथेच, आणि म्हणून तो सर्वांत घातक आहे. भारतात स्पर्धेत किंवा सोडतीत जिंकलेल्या बक्षिसावर ३० टक्के दराने कर लागतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर कर भरला गेल्याची खात्री करूनच ती वस्तू सोपवावी, ही जबाबदारी बक्षीस देणाऱ्यावर असते. पण तो कर जातो सरकारकडे, पॅन क्रमांकाच्या आधारे, आणि त्याचे चलन मिळते. कोणाच्या खासगी यूपीआय आयडीवर कर भरला जात नाही. हिशेबही करून पाहावा: फोन ८० हजारांचा असेल तर उपकर सोडून कर २४ हजार होतो. समोरचा 'कर आणि कुरियर मिळून २,४९९ रुपये' मागत असेल, तर तो आकडा कायद्यातून आलेला नसून, गमावायला फारसे वाटणार नाही अशा बेताने ठरवलेला आहे. ते भरले की सीमाशुल्क निघते, मग विमा, मग 'परत मिळणारी अनामत'. शिवाय यूट्यूबच्या स्वतःच्या नियमानुसार तिथल्या स्पर्धेत भाग घेणे विनामूल्यच असावे लागते. याच टप्प्यावर कधी क्यूआर कोड येतो आणि 'बक्षिसाची रक्कम घेण्यासाठी' पिन टाका असे सांगितले जाते. पैसे आपल्याकडे येताना पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की ते जातात.

रिपोर्ट जरूर करावा, पण त्याची मर्यादा ओळखून. एक खाते गेले की दुसरे उघडते, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा क्रमांक मात्र तसाच चालू राहतो, म्हणून तिथेही वेगळी तक्रार करावी लागते. चॅनेलचालक 'व्हॉट्सअ‍ॅप', 'टेलिग्राम' असे शब्द अडवतात, तर लबाड मंडळी त्यांत अंक, ठिपके किंवा दुसऱ्या लिपीतली सारखी दिसणारी अक्षरे घालून ती चाळणी चुकवतात. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर होते. रिपोर्ट करण्याआधी कॉमेंटचे, संभाषणाचे आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण खाते हटले की कॉमेंटही नाहीशी होते. हँडल बदलता येते, पण UC पासून सुरू होणारा चॅनेलचा आयडी बदलत नाही, म्हणून चॅनेलच्या पानावरील शेअर पर्यायातून तो मिळाल्यास तोही उतरवून तक्रारीला जोडावा.