खोक्यावरचे निट्स आणि काचेमागचं ऊन

गाडीत नकाशा पाहायला मधल्या किमतीचा फोन पुरतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "लेख घरात बसून लिहिलाय साहेब. मी संभाजीनगर-तुळजापूर भाडं मारतो. 4000 निट्सचा महागाचा फोन घेतला, तरी मे महिन्यात बीडच्या पुढं स्क्रीन अंधारते अन् चार्जर लावूनही बॅटरी उतरते. अन् तुम्ही म्हणता मधल्या किमतीचा पुरे!"

दादा, तुमच्या फोनची ही दोन दुखणी दिसतात, पण मूळ एकच: तो तापतोय. निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप. खोक्यावरचे 4000 निट्स बहुतेक वेळा स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरते असतात, तेही खास व्हिडिओ चालू असताना. नकाशाची अख्खी स्क्रीन तेवढी उजळत नाही. आणि फोन तापला की स्वतःला वाचवायला उजेड आपोआप कमी करतो, मग ब्राइटनेसची पट्टी शेवटपर्यंत ओढलेली असली तरी. महाग फोनही हेच करतो, म्हणून किमतीबद्दलचं माझं मत मी बदलत नाही.

तपासायला सोपं आहे. स्क्रीन अंधारली की फोन चार्जरवरून काढा आणि पाच-दहा मिनिटं एसीच्या झोतासमोर धरायला शेजारच्याला सांगा. उजेड परत आला तर दोष उष्णतेचाच.

आता जागा. काचेला चिकटवलेल्या स्टँडवर फोनला थेट ऊन लागतं. तुम्ही दुपारी दक्षिणेला जाता, म्हणजे ऊन पश्चिमेकडून, तुमच्याच उजव्या खिडकीतून येतं. स्टँड मधल्या एसी जाळीवर लावा. फोनच्या पाठीला गार हवा लागेल, तिथं ऊनही कमी. जाड कव्हर काढून टाका.

चार्जिंगचंही तसंच. बॅटरी साधारण 45 अंशांच्या आसपास गेली की फोन चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. फास्ट चार्जर स्वतःच उष्णता वाढवतो, वायरलेस तर त्याहून जास्त. गाडीच्या टेपच्या यूएसबीतून बऱ्याचदा अर्धाच अँपिअर मिळतो, तो नकाशाला पुरत नाही. लायटरच्या सॉकेटात 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा साधा चार्जर लावा. निघताना फोन भरलेला असेल तर एवढ्यात भागतं.

मांजरसुंब्याच्या घाटासारख्या ठिकाणी रेंज कमी झाली की फोन टॉवर शोधत जास्त ताकद लावतो, त्यानंही तापतो. सेटिंगमध्ये 5जी बंद करून 4जी ठेवा आणि घरच्या वायफायवर पूर्ण रस्त्याचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. जीपीएसला रेंज लागत नाही, उपग्रहाकडून जागा मिळते. रेंज नसताना ट्रॅफिकची माहिती मात्र यायची थांबते.

दुसरा फोन घ्यायचाच असेल तर दुकानदाराला विनंती करून डेमो फोन बाहेर उन्हात आणा. चार्जर लावून, ब्राइटनेस ऑटोवर ठेवून पंधरा मिनिटं नकाशा चालवा. ऑटो महत्त्वाचं, कारण उन्हातला जादा उजेड अनेक फोन ऑटोवरच देतात. शेवटच्या पाच मिनिटांत रस्त्यांची नावं गाडीतल्या अंतरावरून वाचता आली, तर तो फोन घ्या.